नाव एकच, कागद दोन

महाराष्ट्रात लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. समजा, पॅनवर ‘सुनीता रमेश पाटील’ आहे आणि आधारवर ‘सुनीता विजय जाधव’. पीएफचा दावा अडकतो. पडताळणी करणाऱ्या यंत्रणेला ही दोन माणसं वाटतात, आणि तिच्या दृष्टीने ते चूकही नाही.

अशा वेळी हेल्पडेस्कला ‘माझं काम लवकर करा’ असं लिहून काही होत नाही. समोरच्याला हवा असतो दोन नावांना जोडणारा पुरावा. म्हणून संदेश असा असावा:

“माझा दावा नावातील तफावतीमुळे प्रलंबित आहे. दावा क्रमांक विषयात दिला आहे. पॅनवर माहेरचं नाव आहे, आधारवर लग्नानंतरचं. दोन्ही नावं कागदांवर आहेत तशीच खाली देत आहे. जन्मतारीख दोन्हीकडे एकच आहे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडलं आहे. आधारवरचं नाव ग्राह्य धरायचं असल्यास पुढे काय करावं, ते कळवावं.”

नावं इंग्रजी स्पेलिंगसह, कागदावर पाहूनच उतरवावीत. Sunita आणि Suneeta इथेही गाडी अडते. पूर्ण आधार क्रमांक मात्र संदेशात लिहू नये, शेवटचे चार अंक पुरतात.

विवाह प्रमाणपत्रात माहेरचं नाव नीट नसेल, तर राजपत्रातली नावबदलाची नोंद लागू शकते. हेल्पडेस्क स्वतः पॅन किंवा आधार दुरुस्त करत नाही. ती दुरुस्ती त्या त्या यंत्रणेकडेच होते.