कास भरली, पण दुधानं नव्हे

संगमनेरकडच्या एका गोठ्यातली संकरित एचएफ कालवड. विण्याला बारा दिवस बाकी. कास घागरीसारखी तट्ट, सड आखूड होऊन बाहेर ताणलेले आणि सूज पार बेंबीपर्यंत उतरलेली. मालक खुशीत होता. "डॉक्टर, पहिल्या वेतालाच पंधरा लिटर देणार बघा," म्हणाला. मी कासेवर अंगठा दाबून धरला आणि काढला. ओल्या मातीत उमटावा तसा खड्डा राहिला, बराच वेळ भरेना. आत दूध नव्हतं, पाणी होतं.

विण्याच्या आधी कासेकडे रक्ताचा ओघ वाढतो. पण वाढलेलं वासरू कटिभागात दाब देतं, त्यामुळे कासेतून रक्त आणि लसिका परत जायची वाट अडते. मग रक्तातलं पाणी झिरपून कातडीखाली साचतं. पहिलारू कालवडीत हे गाईपेक्षा जास्त दिसतं. मिठानं शरीरात पाणी धरून राहतं, त्यामुळे सूज वाढते. पोटॅशियमचंही तसंच आहे आणि लसूणघासात ते भरपूर असतं. या कालवडीपुढं मिठाची वीट टांगलेली होती, आंबोणातही मूठभर मीठ पडत होतं आणि ती दिवसभर दावणीलाच उभी असायची.

वीट काढली, वरचं मीठ बंद केलं. लसूणघास कमी करून कडबा वाढवला. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास सपाट जागेत फिरवायला सांगितलं. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यानं शेक आणि सडाकडून पोटाकडे, वरच्या दिशेनं हलकी मालिश. कास आणि मांडीमधली घडी कोरडी ठेवायची, कारण तिथं कातडी घासून जखम होते.

मालकाला दोन गोष्टी करायच्या होत्या, त्या मी थांबवल्या. एक म्हणजे विण्याआधीच धार काढणं. त्यात वासराचा चीक वाया जातो. फारच गंभीर सूज असेल तरच डॉक्टरांच्या सल्ल्यानं तसं करतात. दुसरी म्हणजे दुकानातून सुजेचं इंजेक्शन आणणं. त्यात स्टेरॉइड असेल, तर गाभण जनावर वेळेआधीच विऊ शकतं.

कालवड वेळेवर व्याली. सड ताणलेले असल्यानं वासराला तोंडात धरता येईना, म्हणून चीक काढून बाटलीनं पाजला. मग दिवसातून तीनदा धार काढली आणि दहा दिवसांत कास मऊ पडली.

सूज बहुधा चारही सडांवर सारखी, थंड आणि दाबल्यावर खड्डा राहणारी असते. एकच भाग गरम आणि कडक झाला, हात लावताच जनावर लाथ मारू लागलं, ताप आला किंवा दुधात गुठळ्या दिसल्या, तर तो कासदाह समजा. तेव्हा शेकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.