आठ हजारांतले हातात किती?

दहावी झाली, आयटीआय झालं, आणि आता लेक शिकाऊ उमेदवार म्हणून नाशिकच्या कंपनीत निघाली आहे, अशा घरांसाठी आज आम्ही बोलणार आहोत. मागच्या वर्षी आमच्याच गटातल्या एका ताईंची मुलगी अशी गेली. पत्रावर विद्यावेतन लिहिलं होतं आठ हजार. सगळ्यांना वाटलं, चला, आता घरून काही द्यायला नको. जाताना ताईंनी तिच्या हातात पाच हजार ठेवले.

बाराव्या दिवशी तिचा फोन आला, "आई, मी परत येते."

झालं असं. अंबडला तिघींनी मिळून साडेचार हजारांची खोली घेतली. हिच्या वाट्याला भाडं दीड हजार आणि डिपॉझिटही दीड हजार. मेसवाल्या काकूंना दोन वेळच्या जेवणाचे महिन्याचे सव्वीसशे आगाऊ हवे होते, हिने विनवून निम्मे भरले. पहिल्याच दिवशी तेहेतीसशे... नाही, त्रेचाळीसशे रुपये गेले. उरले सातशे. शेअर रिक्षाला जाऊन-येऊन रोजचे चाळीस. चहा-नाश्त्याला वीस. सातशे किती दिवस पुरणार? आणि कंपनीचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला.

म्हणून आम्ही आता सांगतो, बजेट महिन्याचं करण्याआधी पहिल्या चाळीस दिवसांचं करा. आम्ही ताईंबरोबर बसून ते मागाहून मांडलं. डिपॉझिट, दोन महिन्यांचं भाडं, दोन महिन्यांची मेस, रिक्षा, लाईटबिल, रिचार्ज, साबण-तेल-पॅड, नाश्ता, असं सगळं धरून बेरीज तेरा हजारांवर गेली. तिला पाच दिले होते. बाकीचे आठ हजार ताईंनी गटातून कर्जाने घेतले, शेकडा एक रुपया महिना व्याजाने. मुलगी राहिली.

दहा तारखेला पैसे आले, पण साडेसहाच हजार! ताई घाबरल्या, कंपनीने फसवलं की काय. तसं नव्हतं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, पण जास्तीत जास्त दीड हजार, सरकार भरतं. तो हिस्सा मुलीच्या आधार जोडलेल्या खात्यात वेगळा येतो. कंपनीच्या तारखेला तो येईलच असं नाही. तुमची मुलगी या योजनेत आहे का आणि पत्रावरच्या रकमेत सरकारचा वाटा धरला आहे का, हे रुजू होतानाच कंपनीत विचारून घ्यायचं.

तेव्हा महिन्याचं बजेट साडेसहावर बसवायचं. खोली आणि लाईट सतराशे, मेस सव्वीसशे, रिक्षा सव्वीस दिवसांचे एक हजार चाळीस. इथेच पाच हजार तीनशे चाळीस झाले. रिचार्जचे तीनशे, साबण-पॅडचे चारशे. राहिले चारशे साठ. घरी एकदा यायचं तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी तिला जाऊन-येऊन दोनशे वीस लागतात. उरले दोनशे चाळीस, आणि नाश्त्याचे सहाशे अजून धरलेच नाहीत!

कुठे कापायचं? आम्हाला आधी वाटलं, नाश्ता कापावा. ते चूक होतं; उपाशी पोटी मशीनवर उभं राहणं बरं नाही. मुलीनेच वाट काढली. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दुपारचं जेवण दहा रुपयांत मिळत होतं. मग मेस फक्त रात्रीची ठेवली, पंधराशेत. कॅन्टीनचे दोनशे साठ धरूनही आठशे चाळीस वाचले. रविवारी दुपारी तिघी मिळून खिचडी टाकतात. नाश्ता बसला, आणि वर चारशे ऐंशी राहिले. ते दवाखान्यासाठी वेगळ्या डब्यात.

एक बारीक गोष्ट. रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचं असतं, म्हणून वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा करावं लागतं. तेरावं नेमकं हात रिकामा असतानाच येतं.

सरकारी दीड हजार बजेटात नाहीत, ते आले की गटाच्या कर्जात भरायचे असं ठरलं होतं. पण तीन महिने ते दिसेचनात. शेवटी बँकेत विचारलं तेव्हा कळलं, आधार जोडलेलं होतं शाळेत शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या जुन्या खात्याला. पैसे तिथे पडून होते, पासबुक ताईंच्या ट्रंकेत. मुलगी निघण्याआधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलं आहे ते पाहून घ्या, आणि ते पासबुक तिच्याबरोबर द्या.