फोटोतल्या तीन आकड्यांचा हिशेब

मावशीने फोनवर एक फोटो पाठवला आणि लगेच विचारलं, "पॉलिसी मोडली तर मला दोन लाख पंचेचाळीस हजार मिळतील ना रे?" फोटो तिच्या आयुर्विमा पॉलिसीच्या स्टेटमेंटचा होता. त्यावर जमा बोनस १,०९,२०० रुपये आणि सरेंडर व्हॅल्यू १,३६,७५२ रुपये असे दोन आकडे होते. मावशीने त्यांची सरळ बेरीज केली होती. आकडे दोन्ही बरोबर होते, बेरीज मात्र चुकीची होती.

अशा स्टेटमेंटचे फोटो आज घरोघरी फोनमध्ये पडलेले असतात. त्यातले आकडे वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवून ठेवले, तर पॉलिसी चालू ठेवायची की मोडायची हे ठरवायला ते कामी येतात. पण उतरवताना प्रत्येक आकडा कशाचा आहे आणि कोणत्या तारखेचा आहे हे कळलं पाहिजे. मावशीच्याच पॉलिसीवर ते करून बघू.

सुरुवात फोटोपासूनच करायला हवी. कागद टेबलावर सपाट ठेवावा, खिडकीच्या उजेडात बरोबर वरून फोटो घ्यावा आणि चारही कोपरे आत यावेत. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. फोटोतला मजकूर उचलणारी सोय आता बहुतेक फोनमध्ये आहे. अनोळखी वेबसाइटवर फोटो चढवण्यापेक्षा तीच वापरावी, कारण या कागदावर पॉलिसी क्रमांक, जन्मतारीख आणि पत्ता असतो.

मजकूर उचलताना फोन चुकतो तो ठरलेल्या जागी. शून्याचा आठ होतो, एकाचा सात होतो. हजाराचा स्वल्पविराम टिंब बनतो आणि १,०९,२०० चे एकशेनऊ होतात. घडीची रेघ आकड्यावरून गेली असेल तर एखादा अंकच गळतो. रकाने जवळजवळ असले की शेजारचा आकडा भलत्याच नावापुढे जाऊन बसतो. मावशीच्या फोटोतला बोनस माझ्या फोनने १,८९,२०० असा वाचला. डोळ्यांना त्यात काही खटकलं नव्हतं. चूक सापडली ती हिशेबाने.

त्या हिशेबाची किल्ली स्टेटमेंटवरच्या दोन तारखांमध्ये आहे. पहिली डीओसी, म्हणजे पॉलिसी सुरू झाल्याची तारीख. दुसरी एफयूपी, म्हणजे अजून न भरलेल्या पहिल्या हप्त्याची तारीख. एफयूपीला अनेकजण शेवटच्या भरलेल्या हप्त्याची तारीख समजतात आणि तिथेच एक हप्ता जास्त मोजला जातो. मावशीची पॉलिसी २८ मार्च २०१२ ला सुरू झाली. मुदत वीस वर्षं, हप्ता सहामाही, विमा रक्कम दोन लाख. स्टेटमेंट जुलै २०२५ चं आणि त्यावर एफयूपी २८ सप्टेंबर २०२५. म्हणजे शेवटचा हप्ता मार्च २०२५ चा भरलेला. मधली साडेतेरा वर्षं, वर्षाला दोन हप्ते, म्हणून सत्तावीस हप्ते भरून झाले. एकूण भरायचे चाळीस.

आता हप्त्यांची वही. स्टेटमेंटवर हप्ता ४,९८६ रुपये आहे. सत्तावीस हप्त्यांचे १,३४,६२२ रुपये होतात. पण मावशीच्या पासबुकात मार्च २०२५ ला ५,०९८ रुपये गेलेले दिसतात. ही छपाईची चूक नाही, वरचा फरक जीएसटीचा आहे. अशा पॉलिसीवर पहिल्या वर्षानंतर सव्वादोन टक्के जीएसटी लागत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी काढला गेला. जीएसटीच्या आधी सेवाकर होता. म्हणून वहीत मूळ हप्ता आणि कर असे दोन रकाने करावेत. सरेंडरचा हिशेब मूळ हप्त्यावर होतो, कराचे पैसे त्यात धरले जात नाहीत. विलंबशुल्कही धरलं जात नाही. प्रत्येक हप्ता प्रत्यक्ष कोणत्या दिवशी भरला हेही स्टेटमेंट सांगत नाही. ती तारीख पावतीवरून किंवा पासबुकावरूनच घ्यावी लागते.

मग बोनस. नफ्यात सहभागी असलेल्या पॉलिसीवर कंपनी वर्षाच्या मूल्यांकनानंतर बोनस जाहीर करते आणि तो विमा रकमेच्या दर हजारी असतो. तो हातात येत नाही, पॉलिसीवर साठत जातो आणि मुदत संपल्यावर किंवा मृत्यूनंतर विमा रकमेसोबत मिळतो. मावशीची विमा रक्कम दोन लाख, म्हणजे दोनशे हजार. १,०९,२०० ला दोनशेने भागलं की दर हजारी ५४६ येतात. तेरा वर्षांत वाटले तर वर्षाला सरासरी ४२. फोनने वाचलेल्या १,८९,२०० ला तसंच भागलं तर वर्षाला जवळजवळ ७३ येतात. मावशीकडे जुन्या वर्षांची बोनसपत्रं होती आणि त्यांवरचे दर बेचाळीसच्या आसपासचे होते. मूळ कागद भिंगाखाली धरला तेव्हा तो आठ नसून शून्यच निघाला, घडीच्या रेघेने दुभागलेला.

आता सरेंडर व्हॅल्यू. हप्ते मध्येच थांबवले तर विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते. तिला पेड-अप व्हॅल्यू म्हणतात. दोन लाखांचे चाळिसातले सत्तावीस भाग म्हणजे १,३५,००० रुपये. त्यात साठलेला बोनस १,०९,२०० मिळवला की २,४४,२०० होतात. पण ही रक्कम मुदत संपल्यावरची आहे, आणि मुदतीला अजून साडेसहा वर्षं आहेत. ती आजच हवी असेल तर कंपनी तिला एका गुणकाने गुणते. मुदत जितकी लांब तितका हा गुणक लहान. स्टेटमेंटवरच्या १,३६,७५२ ला २,४४,२०० ने भागलं की ०.५६ मिळतात. म्हणजे मावशीच्या पॉलिसीला त्या दिवशी लागलेला गुणक छप्पन्न टक्क्यांचा.

मावशीची बेरीज कुठे चुकली ते इथे दिसतं. बोनस सरेंडर व्हॅल्यूच्या पोटातच होता, तोही छप्पन्न टक्के भावाने. तो वरून पुन्हा मिळवला की एकच पैसा दोनदा मोजला जातो.

अशा जुन्या पॉलिसींना एक हमीचा किमान आकडाही असतो. पहिल्या वर्षाचे हप्ते वगळून उरलेल्यांच्या तीस टक्के. मावशीच्या बाबतीत १,३४,६२२ मधून ९,९७२ वजा करून उरलेल्या १,२४,६५० चे तीस टक्के, म्हणजे ३७,३९५ रुपये, आणि त्यावर साठलेल्या बोनसचं त्या दिवसाचं मोल. कंपनी दोन्हींपैकी जास्त असेल ती रक्कम देते. नव्या पॉलिसींचे नियम वेगळे आहेत, म्हणून टक्केवारी आपल्याच पॉलिसीच्या अटींतून घ्यावी. पॉलिसीवर कर्ज काढलं असेल तर ते आणि त्याचं व्याज आधी वजा होतं.

मावशीच्या वहीत आता प्रत्येक आकड्यापुढे तारीख आहे. बोनस कोणत्या मूल्यांकनापर्यंतचा, सरेंडर व्हॅल्यू कोणत्या दिवसाची, त्या दिवशी एफयूपी काय होती. सप्टेंबरचा हप्ता भरला की एफयूपी पुढे सरकेल, सत्तावीसचे अठ्ठावीस होतील आणि १,३६,७५२ हा आकडा जुना होईल. फोटो मात्र जुलैचाच राहील. वही पुरी झाल्यावर मावशीने पहिल्यांदा १,३६,७५२ च्या शेजारी आपण भरलेले १,३४,६२२ ठेवून पाहिले. तेरा वर्षांहून जास्त काळ पैसे गुंतवून, कर सोडूनही, हातात दोन हजारांच्या आसपासच जास्त येणार होते, आणि उरलेली साडेसहा वर्षं काढली तर पूर्ण दोन लाख आणि सगळा बोनस. तिने सप्टेंबरचा हप्ता भरला.