अकराच्या पेपराआधीचं एक पान

भंडारा जिल्ह्यात दहावीच्या परीक्षेला पुष्कळ मुलं आपल्या गावातून केंद्राच्या गावी जातात. पेपर अकराला असतो, अर्धा तास आधी वर्गात बसायचं असतं आणि त्याआधीचा काही वेळ एसटीत किंवा शाळेच्या आवारात जातो. त्या वेळात पाठ्यपुस्तक उघडलं की जे येत नाही तेच आधी डोळ्यांपुढे येतं आणि धडधड वाढते. तेव्हा हातात एका प्रकरणाचं एकच पान असावं. ते कसं करायचं, हे विज्ञान भाग १ मधल्या ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या प्रकरणावर पाहू.

हे पान पुस्तकातून उतरवायचं नसतं. पेपराच्या तीन-चार दिवस आधी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर प्रकरणातलं आठवेल ते लिहावं, मग पुस्तकाशी ताडून पाहावं. जे बिनचूक आलं ते पानावर नको. मुख्य अक्ष म्हणजे काय, हे ज्याला झोपेतही सांगता येतं त्याने त्यासाठी ओळ कशाला घालवावी? जे सुटलं तेवढं निवडावं. मग सराव परीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका काढून गुण कुठे गेले ते शोधावं. पानाचा खरा ऐवज तिथे सापडतो.

या प्रकरणात बहुतेकांचे गुण चिन्हांत जातात. नववीत आरशाचं सूत्र शिकलेलं असतं, त्यात अधिक चिन्ह आहे. भिंगाच्या सूत्रात वजा आहे: 1/v − 1/u = 1/f. विशालनाचंही तसंच. आरशाला M = −v/u, भिंगाला M = v/u. त्यात वस्तू डावीकडे ठेवलेली असल्यामुळे u ऋण घ्यायचा असतो, तो घाईत धन लिहिला जातो.

एक उदाहरण करून पाहू. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर 20 सेमी आहे आणि वस्तू 60 सेमीवर आहे. u = −60 घेतला की 1/v = 1/20 − 1/60 = 2/60, म्हणजे v = +30 सेमी. M = 30/(−60) = −0.5, म्हणजे प्रतिमा उलटी आणि वस्तूच्या निम्मी. आता u = +60 घेतला तर v = 15 सेमी येतं. आकडा दिसायला साधा असल्यामुळे शंका येत नाही. पण वस्तू 2F च्या पलीकडे असली की प्रतिमा F आणि 2F यांच्या मध्येच पडते, इथे 20 ते 40 सेमीच्या दरम्यान. 15 तिथे बसत नाही. पानावर हीच पडताळणीची ओळ हवी, कारण सूत्र पाठ असूनही चूक होते आणि ती पकडायला दुसरा मार्ग लागतो.

पानावर चुकीचं रूप मात्र लिहू नये. ‘u = +60 नाही’ असं लिहिलं तर ऐन वेळी ‘नाही’ विसरून +60 लक्षात राहण्याचा धोका असतो. ‘u नेहमी ऋण’ एवढंच लिहून शेजारी लाल खूण करावी. शक्तीचंही तसंच: ‘आधी मीटर, मग P = 1/f’. 20 सेमी म्हणजे 0.2 मीटर, म्हणून शक्ती +5 डायॉप्टर. सेंटीमीटरच ठेवले की 0.05 येतं आणि गुण जातो.

दृष्टिदोषांची जोडी उलटसुलट होते, म्हणून ती दोन ओळींत एकाखाली एक लिहावी. निकटदृष्टिता: दूरचं दिसत नाही, प्रतिमा दृष्टिपटलाच्या आधी, अंतर्गोल भिंग, शक्ती ऋण. दूरदृष्टिता: जवळचं दिसत नाही, प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे, बहिर्गोल भिंग, शक्ती धन. एकच ओळ पाठ करून दुसरी ‘याच्या उलट’ म्हणणाऱ्यांचा नेमका तिथे गोंधळ होतो.

अक्षर मोठं असावं, कारण हलत्या एसटीत बारीक वाचता येत नाही. कागदाची एक बाजू भरली की थांबावं. मजकूर मावत नसेल तर निवड झालेली नाही, किंवा प्रकरणच अजून कच्चं आहे. तसं असेल तर पान बाजूला ठेवून आधी गणितं सोडवावीत. न समजलेलं प्रकरण या पानाने समजत नाही.

आदल्या संध्याकाळी मैत्रिणीच्या किंवा भावाच्या हातात पान देऊन प्रश्न विचारायला सांगावं. जी ओळ लगेच सांगता आली ती खोडावी. सकाळी उरलेल्या ओळीच वाचाव्यात, तेही डोळ्यांनी नव्हे: कागद झाकून उत्तर मनात म्हणावं आणि मग उघडून पाहावं. त्या वेळात एखादी ओळ डोक्यात बसतच नसेल तर ती सोडून पुढे जावं. आणि वर्गात शिरण्याआधी पान दप्तरात टाकून दप्तर बाहेर ठेवावं. खिशात चुकून राहिलेला कागदही पर्यवेक्षकांच्या लेखी कॉपीच ठरू शकतो.