शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची सवलत

धंद्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज हा खर्च असतो. नफ्यातून तो वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर कर लागतो. पगारदाराला ही सोय नाही. ज्या पदवीमुळे नोकरी मिळाली, तिची फी तो पगारातून वजा करू शकत नाही. शिक्षणासाठी कर्ज काढलं असेल, तर उत्पन्न कमावण्याच्या या खर्चाचा एक भाग, म्हणजे व्याज, आयकर कायदा 1961 चं कलम 80ई मान्य करतं. 2005 च्या अर्थसंकल्पापर्यंत मुद्दल आणि व्याज मिळून वर्षाला 40 हजारांपर्यंतच वजावट होती. त्यानंतर मुद्दल वगळलं, पण व्याजावरची मर्यादा काढून टाकली. कर्ज मोठं असेल तर ओझं व्याजाचंच असतं, आणि भार तिथे हलका करायचा हा त्यामागचा विचार.

अट सोपी दिसते, पण तिचा प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. कर्ज बँकेचं, किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेचं अथवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचं हवं. मामाकडून, मालकाकडून किंवा गावातल्या पतसंस्थेकडून घेतलेले पैसे फीसाठीच खर्च झाले, तरी त्यांचं व्याज इथे धरत नाहीत. शिक्षण बारावीनंतरचं हवं. ते भारतात घ्या नाहीतर परदेशात. ते स्वतःचं, जोडीदाराचं, मुलांचं किंवा आपण कायदेशीर पालक आहोत अशा विद्यार्थ्याचं असावं. वजावट मात्र ज्याने कर्ज घेतलं आणि स्वतःच्या करपात्र उत्पन्नातून व्याज भरलं, त्यालाच मिळते. वडील सहकर्जदार नसतील आणि केवळ मुलीचे हप्ते भरत असतील, तर वजावट ना त्यांना मिळते, ना तिला.

सगळ्यात जास्त गफलत होते ती ‘भरलेलं’ आणि ‘लागलेलं’ व्याज यांत. शिक्षण चालू असताना आणि नंतर काही महिने बँक हप्ते मागत नाही, पण व्याज चढत राहतं. खातेउताऱ्यावर ते दिसतं म्हणून अनेक जण विवरणपत्रात टाकतात. ते त्या वर्षी भरलेलं नसतं, म्हणून वजावटही नसते. बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र घ्यावं आणि त्यात एप्रिल ते मार्चमध्ये प्रत्यक्ष भरलेलं व्याज किती, ते पाहावं.

वजावट व्याज भरायला सुरुवात केल्याचं वर्ष धरून जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते. व्याज आधीच फिटलं तर तिथेच संपते. सहकर्जदार वडिलांनी शिक्षणाच्या काळातच थोडं व्याज भरलं, तर त्यांची आठ वर्षं तिथूनच मोजली जातात. नोकरी लागल्यावर मुलगी स्वतः भरू लागली, की तिची आठ वर्षं तिच्या पहिल्या भरण्यापासून सुरू होतात.

आता हिशेब मांडू. समजा, हप्ते सुरू होताना एका मुलीच्या डोक्यावर 10 लाखांचं कर्ज आहे, व्याज 10 टक्के, मुदत दहा वर्षं. मासिक हप्ता सुमारे 13,215 रुपये. पहिल्या बारा हप्त्यांत साधारण 97,200 रुपये व्याजाचे आणि 61,300 मुद्दलाचे. पुढे व्याज घटत जातं. शेवटच्या दोन वर्षांत मिळून ते जेमतेम 31 हजार उरतं, म्हणून आठ वर्षांच्या मर्यादेने इथे फारसं बिघडत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तिचा पगार 15 लाख असेल, तर 2025-26 साठी नव्या प्रणालीत, 75 हजारांची प्रमाणित वजावट धरून, कर 97,500 रुपये येतो. जुन्या प्रणालीत 50 हजारांची प्रमाणित वजावट, 80सीचे दीड लाख आणि हे व्याज वजा केलं तरी कर सुमारे 1 लाख 80 हजार! म्हणजे एकट्या व्याजासाठी जुनी प्रणाली निवडणं तोट्याचं. ती पुण्या-मुंबईत भाड्याने राहत असेल आणि घरभाडे भत्त्याची 3 लाखांची सूट तिला लागू होत असेल, तर जुना कर साधारण 96,800 होतो आणि जुनी प्रणाली किंचित स्वस्त पडते. त्यातले जवळपास 20,200 रुपये व्याजाच्या वजावटीमुळे वाचलेले असतात. म्हणून मुदतीत विवरणपत्र भरण्याआधी दोन्ही प्रणालींत कर काढून पाहावा.

या सवलतीची मर्यादाही यातच आहे. नव्या प्रणालीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर करच नाही. मग वजावट कशातून करणार? कमी पगारावर हप्ते फेडणाऱ्याला हिचा उपयोग नाही. तत्त्व रास्त आहे: शिकण्यासाठी उसने घेतलेल्या पैशाचं भाडं कमाईतून वजा व्हावं. पण ही मदत पोहोचते ती कर भरण्याइतकं कमावणाऱ्यांपर्यंतच. त्याखालच्यांना हवं असतं ते व्याजाचाच काही भाग सरकारने उचलणं, आणि ते काम वजावट करू शकत नाही.