‘कु.’, ‘श्री.’ आणि परदेशातल्या दारावरची पाटी

परदेशात पीएचडीला गेलेल्या एका मैत्रिणीची मूळ पदवी प्रमाणपत्रं कुरियरने तिच्यापर्यंत पोहोचायला हवी होती, त्याच्या दोन आठवडे उशिरा पोहोचली. विद्यापीठात नावनोंदणीची मुदत होती, त्यामुळे तिला तिथल्या ऑफिसात जाऊन मुदत वाढवून घ्यावी लागली. पाकीट हरवलं नव्हतं, कस्टम्समध्येही अडकलं नव्हतं. ते जर्मनीत तिच्या शहरात, तिच्या इमारतीच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत गेलं. कारण लेबलवर लिहिलेलं नाव त्या दारावर कुठेच नव्हतं.

तुमच्यापैकी अनेकजण पुढच्या वर्षभरात ट्रान्सक्रिप्ट, पदवी किंवा शिफारसपत्रं बाहेर पाठवणार आहात, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून सांगते. नावं आणि पत्ते बदललेले आहेत.

वडिलांनी घरी पाकिटावर मराठीत पत्ता लिहिला होता:

प्रति,
कु. जाधव मनीषा वसंत हिस,
द्वारा श्रीमती श्नायडर,
(खाली जर्मनीतला रस्ता, घर क्रमांक, शहर)

पाठवणार : श्री. वसंत गणपत जाधव,
मु. पो. वडगाव, मारुती मंदिराजवळ,
ता. कराड, जि. सातारा

मराठी पाकीट म्हणून यात एकही चूक नाही. ‘प्रति’ आहे, अविवाहित मुलीला ‘कु.’ आहे, ‘हिस’ आहे, घरमालकिणीला आदराने ‘श्रीमती’ आहे. आपला पोस्टमन हे पाकीट डोळे झाकून पोहोचवेल. पण मराठी पाकिटावरचा अर्धा मजकूर पत्ता नसतोच, नातं असतं. कुणी कुणाला लिहिलंय, ती लग्नाची आहे का, वयाने मोठी आहे का, हे त्यातून कळतं. जुन्या पाकिटांवर ‘रा. रा.’ (राजमान्य राजेश्री), ‘ती.’ (तीर्थरूप), ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी, म्हणजे विधवा) असायचं, ते याच कारणाने. कुरियरच्या लेबलला यातलं काहीही कळत नाही. त्याला दोनच गोष्टी जुळवायच्या असतात: पाठवणाऱ्याचं नाव ओळखपत्राशी, आणि घेणाऱ्याचं नाव दारावरच्या पाटीशी.

काउंटरवर काय झालं ते बघा. तिथल्या मुलाने मराठी पाकीट बाजूला ठेवलं आणि मनीषाच्या आधारची झेरॉक्स समोर घेऊन नाव टाइप केलं. आधारवर पत्त्याच्या सुरुवातीला `C/O` आणि वडिलांचं नाव असतं, तेही त्याने घेतलं. पुढे ‘कु.’चं `Kum.` केलं, आणि मार्कशीटच्या सवयीने आडनाव आधी लावलं. त्या फॉर्ममध्ये नावाच्या ओळीला 35 अक्षरांची मर्यादा होती. (बहुतेक कुरियर फॉर्ममध्ये ओळीला अशी काहीतरी मर्यादा असतेच.) म्हणून लेबलवर हे छापून आलं:

```
Kum. Jadhav Manisha Vasant C/O Vasa
```

मोजून बघा, बरोबर 35 आहेत. ‘वसंत जाधव’मधलं ‘वसा’ तेवढं उरलं, आणि श्नायडर हे नाव लेबलवर आलंच नाही.

आता जर्मनीतला डिलिव्हरीवाला काय करतो? तिथे इमारतीच्या दाराशी बेलच्या बटणांची रांग असते आणि प्रत्येक बटणासमोर फक्त आडनाव असतं. पत्रपेटीवरही आडनावच. फ्लॅट नंबर बहुतेक ठिकाणी नसतोच. मनीषा एका बाईंच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत होती, बेलवर फक्त `Schneider` होतं. त्या माणसाने ‘कुम’ शोधलं असेल, ‘वसा’ शोधलं असेल, ‘वसंत’ही शोधलं असेल. मिळालं नाही, तो निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच.

यात सगळ्यात घातक गोष्ट `Kum.` नव्हती, `C/O` होती. हे दोन अक्षरी प्रकरण आपल्याकडे दोन वेगळ्या अर्थांनी चालतं, आणि तिथेच फसायला होतं. आधारवर `C/O` म्हणजे ‘यांचा मुलगा, यांची मुलगी, यांची पत्नी’ असं कुठलंही नातं. पण टपालाच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा आहे: ‘या माणसाच्या घरी, त्याच्यामार्फत’. म्हणजे आपलं ‘द्वारा’. जर्मनीतही ते याच अर्थाने रोज वापरलं जातं. म्हणून `c/o`नंतर जे नाव येईल ते दारावरच्या पाटीवर असलंच पाहिजे. वडिलांनी मराठीत लिहिलेलं ‘द्वारा श्रीमती श्नायडर’ अगदी बरोबर होतं. आधारवरून उचललेलं `C/O` चूक होतं. मूळ मराठी पाकीट इंग्रजी लेबलपेक्षा जास्त शहाणं होतं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

आता उपाधींचं बघू. सरळ भाषांतर केलं तर श्री. म्हणजे `Mr`, सौ. म्हणजे `Mrs`, कु. म्हणजे `Miss`. श्रीमतीपाशी मात्र अडायला होतं. सरकारी पत्रव्यवहारात ‘श्रीमती’ कोणत्याही बाईंना लावतात, पण बऱ्याच मराठी घरांत तो शब्द विधवेसाठी राखीव आहे आणि सवाष्ण बाईच्या नावामागे ‘श्रीमती’ लावलं तर घरात खरोखर वाद होतो. `Smt.` असं रोमनमध्ये लिहून तो वाद मिटत नाही, उलट परदेशात ते अक्षर कुणालाच वाचता येत नाही. उपाधी लिहायचीच असेल तर बाईंसाठी `Ms` लिहा. त्यात लग्नाचा प्रश्नच येत नाही.

पण माझं मत विचाराल तर कुरियरच्या नावाच्या रकान्यात उपाधी लिहूच नका. ‘श्री.’ हा तुमच्या वडिलांच्या नावाचा भाग नाही, त्यांच्या आधारवर किंवा पॅनवर तो नसतो. पाठवताना ओळखपत्र तपासतात तेव्हा ‘श्री. वसंतराव’ आणि नुसतं ‘वसंत’ यांत फरक निघतो. ‘राव’, ‘बाई’, ‘पंत’, ‘ताई’ हे शेपूट ओळखपत्रावर असेल तर ठेवा, नसेल तर काढा. आपण प्रेमाने लावलेलं असेल तर ते पत्राच्या आत शोभतं. काही फॉर्ममध्ये पहिलं नाव आणि आडनाव वेगळे रकाने असतात. तिथे ‘श्री’ पहिल्या रकान्यात गेलं की यंत्राच्या लेखी तुमच्या वडिलांचं नाव श्री होतं.

अपवाद एकच, तुम्ही प्राध्यापकांच्या विभागात काही पाठवत असाल तेव्हाचा. जर्मनीत `Prof. Dr.` हे नावाआधी लावायची पद्धत आहे आणि विभागातल्या टपालाच्या खणावरही ते असतं, म्हणून ते राहू द्या. ‘मा.’चं `Hon'ble` मात्र नको.

नावाचा क्रम पासपोर्टप्रमाणे ठेवा, मार्कशीटप्रमाणे नाही. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग तिकडे ‘जाधव’ हे पहिलं नाव समजलं जातं आणि बेलवर ‘वसंत’ शोधलं जातं. स्पेलिंगही पासपोर्टचंच. ‘ज्ञानेश्वर’चं `Dnyaneshwar` की `Gyaneshwar` हा वाद लेबलवर घालायचा नसतो. लग्नानंतर नाव बदललंय पण पासपोर्ट जुनाच आहे, अशा वेळीसुद्धा पासपोर्टवरचं नाव लिहा. घरच्यांना ‘सौ. पाटील’ लिहावंसं वाटतं, पण पाकीट घेताना ती दाखवणार आहे जाधव नावाचा पासपोर्ट.

विभक्तीकडेही लक्ष असू द्या. ‘यांस’, ‘यांना’, ‘हिस’ हे प्रत्ययवाले शब्द इंग्रजीत येत नाहीत. मी एका लेबलवर नावापुढे `Yans` लिहिलेलं पाहिलंय, जणू ते आडनावच. ‘प्रति’चंही `To` करायची गरज नाही, रकान्यालाच तो अर्थ असतो.

राहिला पाठवणाऱ्याचा पत्ता. पाकीट परत आलं तर हा पत्ता वाचणार आहे आपलाच माणूस, म्हणून इथे परदेशी वाचकाचा विचार करायचा नाही. ‘मु. पो.’ म्हणजे मुक्काम आणि पोस्ट एकच. त्याचं `At Post` करा. ‘ता.’ आणि ‘जि.’ यांचं `Tal.` आणि `Dist.` ठेवा, कारण वडगाव नावाची गावं महाराष्ट्रात ढिगाने आहेत आणि तालुक्याशिवाय ती वेगळी करता येत नाहीत. पिनकोड मात्र विसरू नका, वडिलांच्या पाकिटावर तो नव्हताच. 1972 साली पिनकोड आला तो याच कारणासाठी, एकाच नावाची गावं आणि वेगवेगळ्या भाषांतली स्पेलिंगं यांचा गोंधळ टाळायला. व/वची शंका असेल (`Vadgaon` की `Wadgaon`) तर त्या पिनकोडसमोर पोस्ट ऑफिसचं जे नाव दिलेलं असतं तेच स्पेलिंग घ्या.

भाषांतर फक्त जोडशब्दांचं करायचं: जवळ, मागे, समोर, वरचा मजला. विशेषनामाचं नाही. ‘मारुती मंदिराजवळ’चं `Near Maruti Mandir` होतं. ‘शनिवार पेठ’ ही पेठच राहते, तिचा `Saturday Market` करणारे लोक आहेत, विनोद नाही करत.

मनीषाच्या पाकिटावर मुळात हे असायला हवं होतं (शहराच्या जागी मी जर्मन लोक नमुन्यासाठी वापरतात तसं ‘मुस्टर’ घातलंय):

```
Manisha Vasant Jadhav
c/o Schneider
Musterstr. 12
12345 Musterstadt
GERMANY
```

आणि पाठवणाऱ्याच्या रकान्यात:

```
Vasant Ganpat Jadhav
House No. 112, Near Maruti Mandir
At Post Vadgaon, Tal. Karad
Dist. Satara 415xxx, Maharashtra
INDIA
```

बघा, एकही ओळ 35 च्या पुढे जात नाही. `c/o`ला स्वतःची ओळ दिली आहे, नावाला चिकटवलेलं नाही, म्हणजे तुटायची भीती नाही. घर क्रमांक रस्त्यानंतर आणि पोस्टकोड शहराच्या आधी, हा जर्मनीचा क्रम आहे. तो आपल्या सवयीप्रमाणे फिरवू नका. देशाचं नाव शेवटी, कॅपिटलमध्ये. फोन नंबर वेगळ्या रकान्यात `+49` लावून, पुढचं शून्य काढून. तो नंबर असता तर मनीषाला पहिल्याच दिवशी फोन आला असता.

चूक कळते कशी? ट्रॅकिंगवर पत्ता अपुरा किंवा घेणारा सापडला नाही अशा अर्थाची ओळ दिसली की थांबू नका, तिसऱ्या फेरीची वाट बघू नका. पाकिटावर पेनाने दुरुस्ती करून उपयोग नसतो, कारण नाव-पत्ता पाकिटाच्या आधीच इलेक्ट्रॉनिक माहिती म्हणून पुढे गेलेला असतो. एअरवे बिल नंबर घेऊन कुरियरला फोन करायचा आणि सिस्टीममधला पत्ता बदलून घ्यायचा. याचे बऱ्याचदा पैसे पडतात. मनीषाने तेच केलं; `c/o Schneider` एवढंच सांगितलं, आणि पाकीट दुसऱ्या दिवशी दुपारी आलं.

त्यापेक्षा स्वस्त उपाय काउंटरवरच आहे. छापलेलं लेबल चिकटवायच्या आधी हातात घ्या आणि घेणाऱ्याला फोन लावून विचारा, ‘तुझ्या बेलवर नेमकं काय लिहिलंय?’ ते अक्षरन् अक्षर लेबलवर आहे का बघा, मगच पैसे द्या.