डिजिटल सही नेमके काय सिद्ध करते?

कागदावरची सही दोन कामे करते, असे आपण धरून चालतो. एक, ज्याच्या नावाने सही आहे त्यानेच ती केली. दोन, सहीच्या वर जे लिहिले आहे ते त्याला मान्य होते. यातले दुसरे काम हातची सही प्रत्यक्षात फारच अपुरे करते. एकच माणूस धनादेशावर, भाडेकरारावर आणि मुलाच्या प्रगतिपुस्तकावर जवळपास सारखीच सही करतो. सहीच्या वळणात वरच्या मजकुराचा अंशही नसतो. मजकूर नंतर बदलला, तरी सही आहे तशीच राहते.

द्राक्षबागायतदार आणि व्यापारी यांच्यातला तीन पानी करार घेऊ. दुसऱ्या पानावर भाव लिहिला आहे, किलोला ४५ रुपये. दोघांच्या सह्या फक्त शेवटच्या पानावर आहेत. उद्या कोणी दुसरे पान काढून तिथे ३५ रुपयांचे पान लावले, तर शेवटच्या पानावरच्या सह्या अस्सलच राहतात. त्यांच्याकडे कितीही निरखून पाहिले तरी भाव बदलल्याचे कळणार नाही. हा धोका ओळखूनच व्यवहारात काही रिवाज पडले. प्रत्येक पानावर सही घेतात, खाडाखोड झाली तर तिच्याशेजारी छोटी सही करतात, रक्कम आकड्यात आणि अक्षरी अशी दोनदा लिहितात. धनादेशावर आकडा आणि अक्षरी रक्कम जुळली नाही, तर अक्षरी रक्कम खरी धरावी असे १८८१ चा परक्राम्य संलेख कायदाच सांगतो. मजकूर बदललेला नाही, तो जसाच्या तसा आहे, या हमीला मजकुराची अखंडता म्हणतात. कागदावर ती सहीमुळे मिळत नाही. ती सहीभोवतीच्या या रिवाजांतून, कागद, शाई आणि साक्षीदार यांच्या आधाराने मिळते.

डिजिटल सही मुळातच वेगळ्या तऱ्हेने बनते. कागदावर केलेली सही स्कॅन करून पीडीएफमध्ये चिकटवली, तर ती डिजिटल सही होत नाही. ते केवळ एक चित्र असते आणि कोणीही ते उचलून दुसऱ्या फाइलवर लावू शकतो. खरी डिजिटल सही हे मजकुरावरून हिशेब करून काढलेले एक उत्तर असते. त्यामुळे एकाच माणसाने दोन वेगवेगळ्या फाइलींवर केलेल्या सह्या कधीच सारख्या नसतात.

या हिशेबाची पहिली पायरी म्हणजे हॅश. फाइल एका ओळीची असो की हजार पानांची, हॅशचे सूत्र तिच्यातून ठरावीक लांबीचा एक आकडा काढते. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसएचए-२५६ या सूत्रात हा आकडा २५६ बिटांचा, म्हणजे लिहून काढला तर ६४ चिन्हांचा असतो. एकाच शब्दाचे पहिले अक्षर आधी लहान आणि मग मोठे लिहिले, तर काय होते ते पाहा:

```
hello
2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824

Hello
185f8db32271fe25f561a6fc938b2e264306ec304eda518007d1764826381969
```

बदलले एकच अक्षर, पण सगळा आकडा पालटला. करारातल्या ४५ चे ३५ केले तरी हेच होईल. शिवाय हॅशवरून उलट जाऊन मूळ मजकूर शोधता येत नाही, आणि त्याच हॅशचा दुसरा मजकूर मुद्दाम तयार करणेही व्यवहारात शक्य नसते.

दुसरी पायरी किल्ल्यांच्या जोडीची. एका किल्लीने बंद केलेले दुसरीनेच उघडेल, अशी ही जोडी असते. १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणणारी आरएसए पद्धत शोधली. खासगी किल्ली सही करणाऱ्याकडेच राहते, सार्वजनिक किल्ली जगाला खुली असते. छोटे आकडे घेतले तर सगळा हिशेब कागदावर करता येतो. समजा सार्वजनिक किल्ली ३ आहे, खासगी किल्ली ७ आहे आणि दोन्हींसाठीचा भाजक ३३ आहे. कराराचा हॅश ४ आला असे धरू. सही करणारा ४ चा सातवा घात काढतो, म्हणजे १६३८४, आणि त्याला ३३ ने भागतो. बाकी १६ उरते. ही १६ म्हणजेच सही. तपासणारा १६ चा तिसरा घात काढतो, ४०९६, आणि त्याला ३३ ने भागतो. बाकी ४ उरते. आता तो हाती आलेल्या फाइलचा हॅश स्वतः काढतो. तोही ४ आला, तर सही जुळली. मधल्या काळात कोणी भाव बदलला असेल आणि हॅश ५ येत असेल, तर ४ आणि ५ जुळत नाहीत आणि सही फेटाळली जाते.

खऱ्या व्यवहारात ३३ च्या जागी २०४८ बिटांची, म्हणजे सहाशेहून अधिक अंकांची संख्या असते. ३३ चे ३ आणि ११ हे अवयव कोणीही पाडील आणि त्यावरून ७ ही खासगी किल्लीही शोधील. सहाशे अंकी संख्येचे अवयव पाडणे आजच्या संगणकांना जमत नाही, आणि या पद्धतीची सारी सुरक्षितता त्या अडचणीवर उभी आहे.

अखंडतेच्या बाबतीत डिजिटल सही हातच्या सहीच्या कितीतरी पुढे आहे, यात शंका नाही. पण तिची हमी हॅशच्या सूत्राइतकीच पक्की असते. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतील संशोधकांनी दोन वेगवेगळ्या पीडीएफ तयार करून दाखवल्या. जुन्या एसएचए-१ सूत्राने त्या दोन्हींचा हॅश एकच येत होता. म्हणजे एका फाइलवर घेतलेली सही दुसरीवरही चालली असती. म्हणून ते सूत्र आता सहीसाठी वापरू नये.

दुसरी मर्यादा साधी आहे, पण रोज नजरेआड होते. डिजिटल सही फाइलमध्ये असते, छापील कागदावर ती उरत नाही. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. त्याची फाइल संगणकावर तपासता येते. तिची छापील प्रत मात्र इतर कोणत्याही कागदासारखी फेरफार करता येण्याजोगी असते, म्हणूनच उताऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो. बँकेने किंवा खरेदीदाराने तो क्रमांक महसूल विभागाच्या संकेतस्थळावर टाकून उतारा ताडून पाहावा, अशी ती सोय आहे.

आता दुसरा प्रश्न. सही केल्यावर तो माणूस ‘ही माझी नव्हेच’ असे म्हणू शकतो का? अखंडता आणि सही नाकारता न येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. दोन कार्यालयांनी आपसात एकच गुप्त संकेत ठरवून त्याने संदेशांवर खूण केली, तर संदेश वाटेत बदलला नाही हे दोघांनाही कळते. पण संकेत दोघांकडेही असल्याने ती खूण कोणी केली हे तिसऱ्याला पटवता येत नाही. खासगी किल्ली एकाच्याच हाती असते, म्हणूनच डिजिटल सहीला पुरावा म्हणून वजन येते.

हातची सही नाकारली, तर वाद अक्षरतज्ज्ञाकडे जातो. तो निर्विवाद सह्यांचे नमुने घेऊन अक्षरांचा कल, पेनाचा दाब, पेन कुठे उचलले गेले आणि रेषेत थरथर आहे का, हे पाहतो. नक्कल करणाऱ्याचा हात सावकाश चालतो आणि रेषेत ते दिसते. तरीही हे तज्ज्ञाचे मत असते, आणि न्यायालये ते सावधपणे घेतात. सही खरी आहे हे सिद्ध करण्याचा भारही मुख्यतः ती पुढे करणाऱ्यावर असतो. साक्षीदाराची सही घ्यायची ती यासाठीच.

डिजिटल सहीत ती किल्ली अमुक व्यक्तीची आहे, हे प्रमाणपत्राने ठरते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकाने परवाना दिलेल्या संस्था ओळख तपासून असे प्रमाणपत्र देतात. कायद्याच्या अटी पाळणाऱ्या सुरक्षित इलेक्ट्रॉनिक सहीबाबत, ती त्या व्यक्तीनेच मजकूर मान्य करण्याच्या हेतूने केली, असे न्यायालय उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरते. म्हणजे सही नाकारायची, तर पुरावा नाकारणाऱ्याने द्यायचा.

ही साखळी तपासणे वाचकाच्याही हातात आहे. सातबारा किंवा ई-आधार संगणकावर उघडल्यावर सहीच्या जागी अनेकदा पिवळे प्रश्नचिन्ह आणि ‘Validity Unknown’ हे शब्द दिसतात. याचा अर्थ मजकूर बदलला आहे असा नव्हे. प्रमाणपत्राच्या मुळाशी असलेली भारतीय नियंत्रकाची किल्ली त्या सॉफ्टवेअरच्या विश्वासाच्या यादीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रमाणपत्र उघडून साखळीच्या टोकाला ‘CCA India’ आहे, हे पाहिल्यावरच ते यादीत घालावे. न पाहता घातले, तर कोणीही घरी बनवलेले प्रमाणपत्र हिरव्या खुणेने झळकेल. पानावर छापलेल्या हिरव्या खुणेलाही स्वतंत्र किंमत नाही, कारण ते चित्र असू शकते.

वेळेचाही प्रश्न आहे. टोकन हरवले, तर प्रमाणपत्र रद्द करता येते. पण वादातली सही रद्द होण्याआधीची की नंतरची? संगणकाचे घड्याळ मागे नेता येते, म्हणून महत्त्वाच्या कागदांवर स्वतंत्र संस्थेचा कालशिक्का सहीबरोबर घेतात. तो नसेल, तर खऱ्या सहीबद्दलही वाद उभा राहतो.

मात्र डिजिटल सहीचे मोठे भगदाड गणितात नाही, वापरात आहे. गणित एवढेच सांगते की सही अमुक किल्लीने झाली. किल्ली कोणाच्या हातात होती, हे ते सांगत नाही. हात दुसऱ्याला देता येत नाही, किल्ली देता येते. आपल्याकडे खासगी किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते आणि पिन टाकल्यावर चालते. कितीतरी कंपन्यांच्या संचालकांची टोकने आणि पिन सल्लागाराच्या कार्यालयात, एकाच खणात पडलेली असतात. विवरणपत्रे वेळेत भरली जावीत, ही त्यामागची सोय. अशा टोकनाने झालेली सही पाहणाऱ्याला संचालकाच्या खऱ्या सहीहून वेगळी ओळखता येत नाही. कायद्याच्या कलम ४२ नुसार किल्लीची वाजवी काळजी घेणे हे प्रमाणपत्रधारकाचे कर्तव्य आहे. किल्ली धोक्यात आल्याचे प्राधिकरणाला कळवेपर्यंत तिची जबाबदारीही त्याच्यावरच राहते. ‘टोकन माझ्याकडे नव्हते’ हा बचाव म्हणूनच फार लंगडा ठरतो.

दोन्ही सह्यांना कायद्याची मान्यता आहे, पण सगळीकडे एकीच्या जागी दुसरी चालत नाही. मृत्युपत्र आजही डिजिटल सहीने करता येत नाही. त्यावर हाताची सही किंवा अंगठा लागतो आणि दोन साक्षीदार लागतात. बाकी बहुतेक व्यवहारांत डिजिटल सही चालते. ती वापरणाऱ्याने टोकन स्वतःजवळ ठेवावे, पिन कोणालाही सांगू नये, आणि दोन्ही दुसऱ्याच्या ताब्यात गेली असतील तर प्रमाणपत्र आजच रद्द करून घ्यावे.